जोडलेला ग्रुप फोटो : कारागिरी आणि वाद

वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या साली काढलेल्या फोटोंतली माणसे उचलायची आणि त्यांचा एकच कौटुंबिक ग्रुप फोटो करून द्यायचा, हे काम आज तालुक्याच्या गावातला स्टुडिओवालाही करतो. मागणी कुठून येते हे वेगळे सांगायला नको. एक भाऊ आखातात, एक मुंबईत, बहीण लग्नाआधीच गेलेली, वडिलांचा एकच पासपोर्ट साइज फोटो उरलेला, आणि सगळे मिळून असा एकही फोटो घरात नाही. पूर्वी हे काम महाग असल्याने क्वचित व्हायचे. आता फोनवर काही मिनिटांत होते. त्यामुळे पूर्वी फक्त कारागिरांना पडणारे प्रश्न घरोघरी पोचले आहेत. असा फोटो नीट होतो कसा आणि फसतो कुठे? तो खरा म्हणायचा का? गेलेल्या माणसाला जिवंतांच्या रांगेत उभे करावे का? या तिन्ही बाबतींत चर्चा आज कुठवर आली आहे, हे येथे क्रमाने पाहू.

कात्री, डिंक आणि कुंचला

फोटो जोडण्याची कल्पना जवळजवळ फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. हेन्री पीच रॉबिन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने 1858 मध्ये ‘फेडिंग अवे’ हे चित्र पाच निगेटिव्ह जोडून तयार केले. मरणपंथाला लागलेली मुलगी आणि तिच्याभोवती घरची माणसे असा त्याचा विषय होता. त्यावर टीका झाली. इतका खाजगी दुःखाचा क्षण कॅमेऱ्याने दाखवावा का, असा लोकांचा सवाल होता. तेच दृश्य रंगवलेले असते तर कोणी फारसे मनावर घेतले नसते. चित्राला जे माफ असते ते फोटोला नसते, हा भेद तेव्हापासून या वादात आहे.

या कामाचा धंदा म्हणून जम बसवला तो कॅनडात, माँट्रियलच्या विल्यम नॉटमन याने. 1870 मध्ये तिथल्या व्हिक्टोरिया रिंकवर वेषभूषेचा स्केटिंग सोहळा झाला. त्या काळच्या ओल्या काचेच्या प्लेटवर, कमी उजेडात, बर्फावर फिरणाऱ्या गर्दीचा फोटो निघणे शक्य नव्हते. म्हणून नॉटमनच्या स्टुडिओने आधी कोण कुठे उभा राहील याचा आराखडा आखला. मग शंभराहून जास्त लोकांना त्यांच्या वेषात स्टुडिओत बोलावून एकेकाचा फोटो घेतला. आराखड्यातल्या जागेनुसार लहानमोठ्या आकारात ठसे काढले, कात्रीने कापले, रंगवलेल्या पार्श्वभूमीवर चिकटवले, कडा कुंचल्याने बुजवल्या आणि त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढला. हाच क्रम पुढे क्लब, महाविद्यालये आणि कुटुंबे यांच्या चित्रांसाठी वापरला गेला. नॉटमनच्या पद्धतीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आराखडा आधी होता, फोटो नंतर. कोणाचा चेहरा कुठल्या दिशेला हवा हे ठरवूनच प्रत्येकाला उभे केले जाई.

आपल्याकडे याची एक वेगळीच परंपरा राजस्थानात नाथद्वाऱ्याला घडली. श्रीनाथजींच्या दर्शनाला आलेल्या कुटुंबाचे ‘मनोरथ’ चित्र काढण्याची तिथे रीत होती. मध्ये देव आणि दोन्ही बाजूंना हात जोडून उभे यजमान कुटुंब. फोटोग्राफी आल्यावर तिथल्या चित्रकारांनी यजमानांचे चेहरे फोटोतून कापून चिकटवायला आणि बाकीचे अंग, कपडे, देव्हारा रंगवायला सुरुवात केली. चेहरा फोटोचा, प्रसंग कल्पनेचा. घरच्या सगळ्यांनी एकाच दिवशी तिथे उभे राहिलेच पाहिजे असे त्या चित्राचे म्हणणेच नव्हते.

फोटोशॉप हे सॉफ्टवेअर 1990 मध्ये बाजारात आले आणि 1994 च्या आवृत्तीत त्यात लेयर आले, म्हणजे प्रत्येक माणूस वेगळ्या पारदर्शक थरावर ठेवून हवा तसा सरकवायची सोय. कात्री आणि डिंक गेले, पण कामाचा क्रम नॉटमनचाच राहिला.

एक नमुना : सात जणांचा फोटो

कारागिरीचे प्रश्न समजायला एक नमुना घेऊ. सात जणांचे कुटुंब, तिघे पुढे खुर्च्यांवर आणि चौघे मागे उभे, असा 12 गुणिले 18 इंचाचा आडवा ठसा हवा आहे. उभ्या माणसाचे डोके प्रत्यक्षात हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण 22 सेंटिमीटर असते. संपूर्ण उभी माणसे मावायची, तर चौकटीची 12 इंच उंची सुमारे सव्वादोन मीटरला पुरवावी लागते. म्हणजे कागदावर प्रत्येक डोके जवळपास सव्वा इंचाचे होते. चांगल्या ठशासाठी इंचाला 300 पिक्सेल धरले, तर प्रत्येक चेहऱ्याला उभ्यात साडेतीनशेच्या वर पिक्सेल हवेत.

आता घरात काय आहे ते पाहू. वडिलांचा पासपोर्ट साइज फोटो लहान दिसतो खरा, पण त्यातला चेहरा मुळातच सव्वा इंचाच्या आसपास असतो. तो 600 डीपीआयवर स्कॅन केला की गरजेच्या दुप्पट माहिती मिळते. तो उत्तम चालतो. उलट आत्याचा फोटो आहे एका जुन्या पोस्टकार्ड आकाराच्या लग्नाच्या ग्रुपमध्ये, आणि तिथे तिचा चेहरा जेमतेम 7 मिलिमीटर. 600 डीपीआयवर त्याचे 165 च्या आसपास पिक्सेल होतात, म्हणजे दुपटीहून जास्त ताणावे लागेल. स्कॅनरचा आकडा 1200 वर नेला तरी फायदा नाही. पिक्सेल वाढतात, पण कागदात नसलेला तपशील कुठून येणार? अशा वेळी जुन्या पाकिटातली निगेटिव्ह शोधावी. तिच्यात ठशापेक्षा जास्त तपशील असतो. ती नसेल तर दोन मार्ग उरतात : आत्याला मागच्या रांगेत टाकून सबंध फोटोच लहान छापणे, किंवा तिचा चेहरा इतरांपेक्षा धूसर दिसेल हे मान्य करणे.

तिसरा फोटो अमेरिकेतल्या पुतण्याचा सेल्फी. तो स्वच्छ आहे, पिक्सेल भरपूर आहेत, तरीही हाच सगळ्यात जास्त त्रास देतो. सेल्फी हाताच्या अंतरावरून, साधारण 50 सेंटिमीटरवरून निघतो. नाकाचा शेंडा कानांपेक्षा सुमारे 10 सेंटिमीटर पुढे असतो. त्यामुळे कानांच्या मानाने नाक वीस टक्क्यांनी मोठे उमटते. ग्रुप फोटो तीनेक मीटरवरून निघतो, तिथे हाच फरक तीन टक्क्यांवर येतो. आता पुतण्याचे डोके कितीही बिनचूक कापून बसवले, तरी त्याचे नाक रांगेतून पुढे आलेले आणि कान मागे गेलेले दिसणारच. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण ‘हा इथला नाही’ हे त्याला कळते. यावर खरा इलाज सॉफ्टवेअरमध्ये नाही. पुतण्याला फोन करून सांगायचे, की दुसऱ्या कोणाला तरी तीन मीटरवर उभे कर, कॅमेरा छातीच्या उंचीवर धरायला सांग, खिडकी तुझ्या डाव्या हाताला ठेव आणि पायांसकट फोटो पाठव. जो जिवंत आहे त्याचा फोटो नव्याने काढून घेणे ही नॉटमनची रीत आजही सगळ्यात भरवशाची आहे.

कॅमेऱ्याची उंची हा मुद्दा हमखास निसटतो. सपाट जमिनीवर उभ्या माणसांचा कॅमेरा सरळ धरून फोटो घेतला, तर कॅमेरा जितक्या उंचीवर असेल तितक्या उंचीची रेषा प्रत्येकाच्या अंगावरून एकाच सरळ ओळीत जाते. छातीच्या उंचीवरून घेतला असेल तर ती सगळ्यांच्या छातीवरून जाईल. जोडताना एक जण गच्चीवरून खाली बघत घेतलेल्या फोटोतला आणि दुसरा पायरीवर बसून वर बघत घेतलेल्या फोटोतला असेल, तर एकाची टाळू दिसते आणि दुसऱ्याच्या नाकपुड्या. आकार जुळवून ही चूक झाकली जात नाही. आकारही अंदाजाने ठरवू नयेत. कोण किती उंच होता हे घरच्यांना विचारावे, आणि खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण 45 सेंटिमीटर असते हे माप धरून बाकीचे बसवावेत.

राहिला उजेड. नाकाची सावली कोणत्या गालावर पडते आणि डोळ्यांतला चमकीचा ठिपका कुठे आहे, या दोन खुणांवरून उजेडाची दिशा कळते. सातांपैकी पाच जणांचा उजेड डावीकडून असेल, तर सहावा आरशात पाहिल्यासारखा उलटवून घेता येतो. मात्र मग साडीचा पदर, शर्टाची बटणे, गालावरचा तीळ आणि केसांचा भांग यांच्या बाजू बदलतात, आणि घरातल्या बायका ते सर्वांत आधी पकडतात. फ्लॅशने समोरून घेतलेल्या चेहऱ्यावर नाकाची सावली जवळजवळ नसतेच. तिथे बाजूचा उजेड रंगवूनच आणावा लागतो आणि तो क्वचितच खरा वाटतो. रंगाची अडचण निराळी. जुन्या रंगीत ठशांतला निळसर रंग आधी उडतो आणि चेहरे लालसर, पिवळट पडतात. म्हणून अनुभवी कारागीर अख्खा फोटो कृष्णधवल किंवा एकाच तपकिरी छटेत करायचे सुचवतात. त्यात रंगांचे भांडण मिटते. दाणा सगळ्यात शेवटी घालायचा, सगळ्यांवर सारखा. नाहीतर एक चेहरा गुळगुळीत आणि शेजारचा रवाळ राहतो.

इतके करूनही जोडलेला फोटो ओळखू येतो तो स्पर्शावरून. खऱ्या ग्रुपमध्ये खांदे एकमेकांमागे जातात, कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर असतो, एकाची सावली दुसऱ्याच्या सदऱ्यावर पडते, आणि पायांखाली जमिनीला टेकणारी काळी रेघ असते. जोडलेल्या फोटोत प्रत्येक जण आपापल्या मोकळ्या जागेत उभा असतो. म्हणून मागच्या माणसाला खांद्यापासून झाकणे आणि पुढे खुर्च्या ठेवून पाय लपवणे, ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे.

वयाचा पेच

तंत्राने न सुटणारा प्रश्न वयाचा आहे. वडील 42 व्या वर्षी गेले आणि मुलगा आज 55 वर्षांचा आहे. दोघे शेजारी उभे केले तर बाप मुलाहून तरुण दिसतो. याची तीन उत्तरे प्रचारात आहेत. पहिले, प्रत्येकाचा शेवटचा किंवा सर्वांत चांगला फोटो घ्यायचा आणि वयाची विसंगती तशीच राहू द्यायची. दुसरे, एक साल ठरवायचे आणि त्या सालच्या आसपासचेच फोटो घ्यायचे. मग नंतर जन्मलेली नातवंडे बाहेर राहतात. तिसरे, नव्या साधनांनी वडिलांना म्हातारे करायचे. या तिसऱ्या मार्गाने तयार होणारा चेहरा कोणीही कधी पाहिलेला नसतो.

ही विसंगती न लपवता उघड मांडणारे आपल्याकडचे सर्वांत परिचित काम म्हणजे विवान सुंदरम यांची ‘री-टेक ऑफ अमृता’ ही चित्रमाला. अमृता शेरगिल त्यांची मावशी. ती 1941 मध्ये लाहोरला वारली आणि विवान यांचा जन्म 1943 चा. म्हणजे दोघांची भेट होणे शक्यच नव्हते. आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी अनेक दशके स्वतःचे आणि घरच्यांचे फोटो काढून ठेवले होते. या शतकाच्या सुरुवातीला विवान यांनी ते फोटो संगणकावर एकत्र आणले. एकाच खोलीत वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या शहरांतली, वेगवेगळ्या काळांतली माणसे येतात. बघणाऱ्याला हे जोडकाम आहे हे कळावे, अशीच त्यांची मांडणी आहे. घरच्या भिंतीवर लावायच्या फोटोत मात्र बहुतेकांना नेमके उलटे हवे असते. जोड दिसू नये, हीच ग्राहकाची पहिली अट असते.

तीन भूमिका

या प्रश्नावर आज ढोबळमानाने तीन भूमिका दिसतात.

पहिली भूमिका म्हणते, की कौटुंबिक फोटो हा पुरावा नसून इच्छेचे चित्र आहे. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातल्या नागदा गावच्या स्टुडिओंचा अभ्यास करून 1997 मध्ये ‘कॅमेरा इंडिका’ हे पुस्तक लिहिले. रंगवलेले पडदे, एकाच माणसाच्या दोन प्रतिमा, जोडलेली जोडपी, मृतांचे सजवलेले फोटो हे सगळे त्यांना तिथे सर्रास आढळले. त्यांचे म्हणणे असे, की तिथला ग्राहक फोटोकडे घडून गेलेल्या क्षणाची साक्ष म्हणून पाहत नाही. आपण कसे असू शकतो, हे तो फोटोतून पाहतो. या दृष्टीने जोडलेल्या ग्रुप फोटोत फसवणूक नाही, कारण पाहणाऱ्यांना तो जोडलेला आहे हे ठाऊक असते. नात्याचे सत्य त्यात आहे. फक्त भेटीचे नाही.

दुसरी भूमिका फोटोच्या साक्षीला महत्त्व देते. रोलाँ बार्थ यांनी 1980 च्या ‘कॅमेरा लुसिडा’ या आपल्या शेवटच्या पुस्तकात फोटोचे मर्मच असे सांगितले, की समोर दिसते ते एकदा खरोखर तिथे होते. ते पुस्तक त्यांनी आईच्या मृत्यूनंतर, तिच्या लहानपणच्या एका फोटोभोवती लिहिले, हे इथे महत्त्वाचे. त्यांना दिलासा मिळाला तो फोटो सुंदर होता म्हणून नव्हे, तर ती मुलगी त्या दिवशी तिथे उभी होती म्हणून. वृत्तसंस्थांची शिस्त याच विचारावर उभी आहे. मार्च 2024 मध्ये ब्रिटनच्या राजघराण्याने वेल्सची युवराज्ञी केट आणि तिच्या मुलांचा मातृदिनाचा फोटो प्रसिद्ध केला. मुलीच्या बाहीपाशी जोड जुळत नसल्याचे दिसताच असोसिएटेड प्रेससह मोठ्या वृत्तसंस्थांनी तो मागे घेतला. आई आणि मुले खरीच होती. तरीही दुरुस्ती झाली असल्याने तो बातमीचा फोटो म्हणून चालणार नव्हता. घरच्या भिंतीला हा नियम लावावा का, हा वेगळा प्रश्न आहे. पण वंशावळ, स्थानिक इतिहास किंवा सरकारी कागदपत्रे यांसाठी तोच फोटो वापरला गेला, तर नियम तिथेही लागतो.

तिसरी भूमिका शोकाशी निगडित आहे आणि तिच्यात दोन टोके आहेत. फ्रॉइडने 1917 मध्ये मांडले, की गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सोडवून घेणे हे शोकाचे काम आहे. त्या विचाराने पाहिले तर मृताला आजच्या लग्नाच्या फोटोत बसवणे म्हणजे ते काम लांबवणे. उलट 1996 मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी संपादित केलेल्या ‘कंटिन्युइंग बाँड्स’ या ग्रंथात मांडले गेले, की मृताशी नाते चालू ठेवणे हा आजार नाही आणि बरेच लोक तसेच सावरतात. आपल्याकडे हार घातलेला फोटो भिंतीवर लावून त्याच्यापुढे नवरा-नवरीला नमस्कार करायला लावतात, ते दुसऱ्या विचाराला धरूनच आहे. मात्र त्या रीतीत हार हीच खूण असते. कोण आहे आणि कोण नाही, हे पाहताक्षणी कळते. जोडलेल्या फोटोत हार गळून पडतो.

काय अजून सुटलेले नाही

पहिला प्रश्न स्मृतीचा. 2002 मध्ये किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. वीस प्रौढांना त्यांच्या बालपणीचा, गरम हवेच्या फुग्यातून फेरी मारल्याचा बनावट फोटो दाखवला. अशी फेरी त्यांच्यापैकी कोणी मारलीच नव्हती. तीन मुलाखती होईपर्यंत त्यांतल्या निम्म्या लोकांना ती फेरी थोडीफार किंवा स्पष्ट ‘आठवू’ लागली. यातून जोडलेला फोटो घातक असा निष्कर्ष लगेच निघत नाही. तिथे लोकांना तो फोटो खरा आहे असे सांगितले होते. आपण स्वतः करून घेतलेल्या फोटोबाबत तसे नसते. पण करून घेणारी पिढी गेल्यावर काय? भिंतीवरच्या फोटोखाली वाढलेल्या नातवाला ‘आजोबा या लग्नाला होते’ असेच वाटणार. आजची जाणीव पुढच्या पिढीपर्यंत कशी पोचते, याचे उत्तर या प्रयोगात नाही.

दुसरा प्रश्न संमतीचा. घर सोडून गेलेला भाऊ, घटस्फोट घेतलेली सून, बोलणे तुटलेली बहीण यांना फोटोत घ्यायचे की नाही? घेतले तर त्यांना विचारायला हवे का? खऱ्या ग्रुप फोटोत माणूस स्वतः येऊन उभा राहतो, तीच त्याची संमती. जोडलेल्या फोटोत यादी करणारा सगळे ठरवतो, आणि वगळणे हे घेण्याइतकेच सोपे असते. याबाबत स्टुडिओवाल्यांमध्ये ठरलेला संकेत नाही. ग्राहक सांगेल तसे होते.

तिसरा प्रश्न नव्या साधनांचा. गुगलच्या पिक्सेल 9 फोनमध्ये 2024 साली ‘Add Me’ ही सोय आली. तिच्यात फोटो काढणारा आणि दुसरा एक जण आळीपाळीने उभे राहतात आणि फोन दोन्ही फोटो जोडतो. जागा तीच, वेळेचा फरक मिनिटाचा, म्हणून यावर फारसा कोणाचा आक्षेप नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचे तसे नाही. ती माणूस कापून चिकटवत नाहीत, दिलेल्या फोटोंवरून नवा चेहरा रचतात. खांद्यावर हात, एकसारखा उजेड, जमिनीवरची सावली हे सगळे आपोआप जमते. वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी नाहीशा होतात, पण चेहराही थोडा सरकतो. दातांतली फट भरते, देवीचे वण पुसले जातात, चष्म्यामागच्या एका डोळ्याचा तिरपेपणा सरळ होतो. जुन्या जोडकामात स्थळ खोटे असले, तरी चेहऱ्याचा प्रत्येक कण कधीतरी कॅमेऱ्यासमोर होता. इथे तेवढीही खात्री राहत नाही. तपासायचा मार्ग एकच : मूळ फोटो शेजारी ठेवून तीळ, वण, दात आणि कानाची पाळी एकेक करून पाहणे, आणि त्या माणसाला ओळखणाऱ्या वडीलधाऱ्यांना दाखवणे.

चौथा प्रश्न खुणेचा. फोटोच्या फाइलमध्येच ‘हा जोडलेला आहे’ अशी नोंद ठेवण्याचे तांत्रिक प्रयत्न मोठ्या कंपन्या 2021 पासून एकत्र येऊन करत आहेत. पण कौटुंबिक फोटो फिरतो तो मेसेजिंग अ‍ॅपवरून, आणि तिथे पाठवताना अशा नोंदी सहसा गळून जातात. छापील ठशावर तर त्या नसतातच.

सध्या म्हणता येईल ते इतके

मतभेद आहेत ते फोटो करावा की नाही यावर कमी आणि तो पुढे काय म्हणून ओळखला जाईल यावर जास्त. इच्छेचे चित्र मानणाऱ्यांनाही मूळ फोटो नष्ट व्हावेत असे वाटत नाही, आणि साक्षीचा आग्रह धरणारेही घरच्या भिंतीवर पहारा ठेवायला येत नाहीत. दोघांचे समाधान होईल अशी एक साधी गोष्ट प्रत्येकाच्या हातात आहे. असा फोटो करून घ्याल तेव्हा ठशाच्या मागे पेन्सिलीने किंवा खालच्या समासात लिहा : हा फोटो जोडलेला आहे, कोणत्या साली जोडला, आणि प्रत्येकाचा चेहरा कोणत्या फोटोतून, साधारण कोणत्या सालचा घेतला. मूळ फोटो आणि निगेटिव्ह स्टुडिओतून परत आणून एका पाकिटात ठेवा, आणि त्या पाकिटावर तीच नावे लिहा.